व्याज प्रमाणपत्र आणि पासबुक जुळत नाही? रिटर्न भरण्याआधी ताळमेळ असा घाला

जून महिना आला की बँकेचं व्याज प्रमाणपत्र एका हातात आणि पासबुक दुसऱ्या हातात घेऊन अनेक जण गोंधळून बसतात. प्रमाणपत्रावर व्याज एक लाख पंधरा हजार लिहिलेलं असतं आणि पासबुकातल्या व्याजाच्या नोंदींची बेरीज जेमतेम साडेचोपन्न हजार होते. मग कुणी पासबुकाचा आकडा भरून मोकळं होतं, कुणी प्रमाणपत्राचा, आणि कुणी बँकेने चूक केली असं ठरवून शाखेत वाद घालायला जातं.

बहुतेक वेळा दोन्ही कागद बरोबर असतात. ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, एवढंच. पासबुक सांगतं की तुमच्या बचत खात्यात प्रत्यक्ष किती पैसे आले आणि कधी आले. प्रमाणपत्र सांगतं की १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात तुमच्या पैशावर किती व्याज झालं, मग ते हातात आलेलं असो वा नसो. म्हणून दोन आकडे सारखे यावेत असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्यांच्यातला फरक रुपयापर्यंत सांगता आला पाहिजे. फरक सांगता आला तर प्रमाणपत्राचा आकडा निर्धास्तपणे भरा. फरकातला काही भाग कशातच बसत नसेल, तर तिथे खरोखर चूक असण्याची शक्यता आहे आणि मगच शाखेत जायचं.

या लेखात २०२५-२६ हे आर्थिक वर्ष, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ धरलं आहे, आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे.

कागद कोणते आणि कधी काढायचे

व्याज प्रमाणपत्र नेट बँकिंगवरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातही निघतं. मात्र इतक्या लवकर काढलेल्या प्रमाणपत्रात ३१ मार्चच्या वर्षअखेरीच्या नोंदी कधी कधी आलेल्या नसतात, आणि काही बँका त्यावर ते तात्पुरतं असल्याचंही छापतात. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या टीडीएसचं विवरण बँकेने ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे द्यायचं असतं आणि फॉर्म १६ए १५ जूनपर्यंत ठेवीदाराला द्यायचा असतो. त्यामुळे जुळवणी जूनच्या मध्यानंतर करणं सोयीचं पडतं. एप्रिलमध्ये प्रमाणपत्र काढून ठेवलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि नवं काढा. दोन्हींत फरक दिसला तर नवंच धरायचं.

पासबुक ३१ मार्चपर्यंत नव्हे, एप्रिलचा पहिला आठवडा संपेपर्यंत छापून घ्या. का, ते उदाहरणात कळेल. पासबुक बरेच महिने छापलेलं नसेल तर काही बँकांची यंत्रं जुन्या सगळ्या नोंदी एका ओळीत गोळा करून छापतात. त्या एका ओळीत व्याज शोधता येत नाही. अशा वेळी १ एप्रिल २०२५ ते १० एप्रिल २०२६ या काळाचं खाते विवरण नेट बँकिंगवरून किंवा शाखेतून घ्या आणि त्यालाच पासबुक समजून काम करा.

तिसरी गोष्ट म्हणजे मुदत ठेवींच्या पावत्या. त्या कपाटातच राहतात आणि जुळवणी तिथेच अडते. प्रत्येक पावतीवरून चार गोष्टी एका कागदावर उतरवा: ठेव क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, व्याजदर, आणि व्याज दर तिमाहीला खात्यात मिळणारं आहे की मुद्दलात मिळत जाणारं आहे. पुढचं सगळं गणित या चौथ्या गोष्टीवर उभं आहे.

शेवटी आयकर खात्याच्या `incometax.gov.in` या पोर्टलवरून फॉर्म २६एएस आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, काढून ठेवा. ते अगदी अखेरीला लागतील. काही जण जुळवणीची सुरुवात एआयएसपासून करतात, पण मला ते पटत नाही. एआयएसमधली माहिती बँकेनेच पाठवलेली असते. बँकेचं एखादं खातं सुटलं असेल तर ते तिथेही नसेल आणि तुमच्या लक्षात येणार नाही. आधी आपल्या घरातले कागद पाहावेत, मग सरकारकडे काय पोचलं ते पाहावं.

उदाहरण: एक निवृत्त शिक्षिका, एक बँक, दोन ठेवी

वय ६६. एका बँकेत बचत खातं आणि दोन मुदत ठेवी.

पहिली ठेव १०,००,००० रुपयांची, ७.२ टक्के दराची, २ मे २०२५ रोजी सुरू झालेली. व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होतं. एका तिमाहीचं व्याज १८,००० रुपये.

दुसरी ठेव ६,००,००० रुपयांची, ७ टक्के दराची, १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेली. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं आणि सगळे पैसे मुदत संपल्यावर एकदम हातात येतात.

बाईंच्या प्रमाणपत्रावर आकडे असे आहेत: बचत खात्याचं व्याज ५,९९०, पहिल्या ठेवीचं व्याज ६५,४४१, दुसऱ्या ठेवीचं ४३,८७०. एकूण १,१५,३०१ रुपये. टीडीएस १०,९३० रुपये.

पासबुकात शोधल्यावर व्याज जमा झाल्याच्या ओळी अशा सापडतात. संक्षिप्त रूपं प्रत्येक बँकेची वेगळी असतात, पण साधारण असंच दिसतं:

```
01-04-25  SB INT        1,420.00  CR
30-06-25  SB INT        1,480.00  CR
02-08-25  FD INT       16,200.00  CR
30-09-25  SB INT        1,615.00  CR
02-11-25  FD INT       16,200.00  CR
31-12-25  SB INT        1,390.00  CR
02-02-26  FD INT       16,200.00  CR
01-04-26  SB INT        1,505.00  CR
```

आर्थिक वर्षात मोडणाऱ्या ओळींची, म्हणजे शेवटची ओळ सोडून बाकीच्यांची, बेरीज ५४,५०५ रुपये होते. प्रमाणपत्राशी फरक ६०,७९६ रुपयांचा. हा आकडा पाहून घाबरायला होतं. पण तो चार तुकड्यांचा आहे आणि प्रत्येक तुकडा वेगळा काढता येतो.

पहिला तुकडा: जमा झालेलं व्याज कापून आलेलं असतं

पहिल्या ठेवीचं तिमाहीचं व्याज १८,००० असायला हवं, पण पासबुकात १६,२०० दिसतं. मधले १,८०० रुपये टीडीएस म्हणून कापले गेले. ज्येष्ठ नागरिकाच्या ठेवींवरचं व्याज एका बँकेत वर्षभरात १,००,००० रुपयांच्या वर जाणार असेल तर बँक १० टक्के टीडीएस कापते. साठीच्या आतल्या ठेवीदारासाठी ही मर्यादा ५०,००० आहे. दोन्ही मर्यादा १ एप्रिल २०२५पासूनच्या आहेत. बँकेची यंत्रणा वर्षभराच्या व्याजाचा अंदाज आधीच बांधते, म्हणून मर्यादा प्रत्यक्ष ओलांडण्याची वाट न पाहता पहिल्या जमेपासूनच कपात सुरू झालेली दिसू शकते.

रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून कापण्यापूर्वीचं व्याज दाखवायचं असतं. पासबुकातल्या १६,२००ला ०.९ने भागा, १८,००० मिळतात. पावतीवरच्या व्याजाशी ते जुळलं की काम झालं. भागून येणारा आकडा पावतीशी जुळत नसेल तर कपातीचा दर तपासा. पासबुकात १४,४०० आले असते तर त्याचा अर्थ २० टक्के कापले गेले असा होता, आणि तसं घडतं ते बँकेकडे पॅन नोंदवलेला नसला की. मग पुढचं काहीही करण्याआधी शाखेत पॅन नोंदवून घ्यावा लागेल, कारण पॅनशिवाय कापलेला कर तुमच्या नावावर दिसणारच नाही.

तीन जमांवर प्रत्येकी १,८०० म्हणजे ५,४०० रुपये. फरकाचा पहिला तुकडा मिळाला. उरले ५५,३९६.

दुसरा तुकडा: ३१ मार्चला झालेलं पण न मिळालेलं व्याज

पहिल्या ठेवीचं शेवटचं व्याज २ फेब्रुवारीला जमा झालं. पुढचं येणार २ मे रोजी. पण मधल्या काळात ठेव काही थांबलेली नसते. २ फेब्रुवारी ते ३१ मार्च हे ५८ दिवस व्याज होतच असतं, आणि बँक वर्षअखेरीला तेवढ्या व्याजाची तरतूद आपल्या हिशोबात करते. प्रमाणपत्रात ते येतं. पासबुकात येत नाही, कारण पैसे जमा झालेले नसतात.

गणित साधं आहे. वर्षाचं व्याज ७२,००० गुणिले ५८ भागिले ३६५, म्हणजे ११,४४१ रुपये. तीन तिमाहींचे ५४,००० आणि हे ११,४४१ मिळून ६५,४४१. प्रमाणपत्रावरचा आकडा हाच आहे. दिवस मोजताना काही बँका पहिला दिवस धरतात, काही शेवटचा, त्यामुळे एका दिवसाच्या व्याजाइतका, इथे सुमारे १९७ रुपयांचा, फरक आला तर त्यात चूक शोधू नका.

या न मिळालेल्या व्याजावरही बँक ३१ मार्चला टीडीएस कापते. व्याज अजून जमाच झालेलं नसल्यामुळे कपात बचत खात्यातून होते. बाईंच्या पासबुकात ३१ मार्चला १,१४४ रुपये नावे पडलेले दिसतात. ही ओळ लोकांना सगळ्यांत जास्त खटकते, कारण व्याज आलं नाही आणि पैसे मात्र गेले. तो शाखेने लावलेला दंड नव्हे, ११,४४१वरचे दहा टक्के आहेत.

पुढच्या वर्षी याचा उलटा परिणाम होईल तो आत्ताच वहीत लिहून ठेवावा. २ मे २०२६ला १८,००० रुपयांचं व्याज देय होईल, पण त्यातले ११,४४१ या वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवून झालेले असतील. पुढच्या वर्षाचं उत्पन्न फक्त ६,५५९. तेव्हा टीडीएस चालू असेल तर बँक तेवढ्यावरच, म्हणजे ६५६ रुपये कापेल आणि पासबुकात १७,३४४ दिसतील. ज्याने हा तुकडा लिहून ठेवला नाही तो पुढच्या जूनमध्ये हा विचित्र आकडा बघत बसेल, किंवा १८,००० पुरते दाखवून त्याच व्याजावर दोनदा कर भरेल.

दुसरा तुकडा ११,४४१. उरले ४३,९५५.

तिसरा तुकडा: मुद्दलात मिळणारं व्याज

सर्वांत मोठा तुकडा हाच असतो आणि पासबुकात त्याचा मागमूसही नसतो. दुसऱ्या ठेवीने वर्षभरात बचत खात्यात एक रुपयाही टाकलेला नाही. पैसे मिळालेच नाहीत तर कर कसला, असं वाटणं साहजिक आहे. पण दर तिमाहीला व्याज मुद्दलात जमा होतं आणि त्या व्याजावर पुढच्या तिमाहीत व्याज चढतं. बँक ते दर वर्षी प्रमाणपत्रात दाखवते आणि त्यावर टीडीएसही कापते.

हा आकडा स्वतः तपासून पाहावा. त्यासाठी १ एप्रिलला ठेव किती झाली होती ते लागतं. जानेवारी ते मार्च २०२५ या पहिल्या तिमाहीचं व्याज १०,५०० रुपये मागच्या आर्थिक वर्षात गेलं, म्हणून १ एप्रिल २०२५ची सुरुवात ६,१०,५०० रुपयांनी होते. सात टक्क्यांचा चौथा भाग १.७५ टक्के. आता दर तिमाहीला आधीच्या शिलकीवर १.७५ टक्के काढत जायचं: जूनअखेर १०,६८४, सप्टेंबरअखेर १०,८७१, डिसेंबरअखेर ११,०६१, मार्चअखेर ११,२५४. बेरीज ४३,८७० रुपये. प्रमाणपत्राशी जुळलं.

या व्याजाचा टीडीएस कुठून जातो ते बँकेवर अवलंबून असतं. बाईंच्या बँकेने तो बचत खात्यातून घेतला. पासबुकात जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चअखेर १,०६८, १,०८७, १,१०६ आणि १,१२५ अशा चार रकमा नावे पडल्या आहेत. काही बँका मात्र तो ठेवीतूनच वजा करतात. तसं असेल तर पुढच्या तिमाहीचं व्याज थोड्या कमी शिलकीवर निघतं आणि वरच्या पद्धतीने काढलेलं तुमचं उत्तर प्रमाणपत्रापेक्षा किंचित जास्त येतं. मुदत संपताना पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी रक्कम हातात येते, तीही याचमुळे. अशा बँकेत दर तिमाहीला व्याज मिळवल्यावर टीडीएस वजा करून पुढे जा, म्हणजे आकडा बसेल.

ठेव मुदत पूर्ण करते त्या वर्षी पासबुकात एकदम मोठी रक्कम जमा होते. मुद्दल वजा करून उरलेलं सगळं त्या वर्षाचं व्याज म्हणून दाखवू नका. आधीच्या वर्षांच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं व्याज त्यातून वजा करावं लागतं. म्हणून प्रत्येक ठेवीचा एक कागद ठेवा आणि त्यावर दर वर्षी दाखवलेलं व्याज लिहीत जा. बाईंच्या कागदावर २०२४-२५ समोर १०,५०० आणि २०२५-२६ समोर ४३,८७० येईल.

तिसरा तुकडा ४३,८७०. उरले फक्त ८५.

चौथा तुकडा: एप्रिलची पहिली ओळ

बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर निघतं आणि बहुतेक बँकांत तिमाहीने जमा होतं. जमेची तारीख मात्र सगळीकडे सारखी नसते. बाईंच्या बँकेत मार्च तिमाहीचं व्याज १ एप्रिलला छापलं जातं, पण ते असतं मागच्या आर्थिक वर्षाचं. म्हणून १ एप्रिल २०२५ची १,४२०ची ओळ सोडायची आणि १ एप्रिल २०२६ची १,५०५ची ओळ घ्यायची. १,४८०, १,६१५, १,३९० आणि १,५०५ मिळून ५,९९०. शेवटचे ८५ रुपयेही मिळाले. पासबुक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छापायला सांगितलं ते यासाठीच.

बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो, म्हणून इथे भागाकार करायची गरज नाही. पण एक खबरदारी घ्या. खात्यात ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत वळवण्याची सोय असेल तर त्या पैशावरचं व्याज ठेवीचं व्याज असतं, पासबुकात ते बचत खात्यातच जमा झालेलं दिसलं तरीही. प्रमाणपत्र ते वेगळं दाखवतं. वजावट घेताना हा भेद उपयोगी पडतो.

सगळं एका जागी मांडलं तर असं दिसतं:

| तपशील | रुपये |
|---|---|
| पासबुकातील व्याज जमेची बेरीज | ५४,५०५ |
| पहिल्या ठेवीच्या जमेतून कापलेला टीडीएस | ५,४०० |
| ३१ मार्चपर्यंत झालेलं, न मिळालेलं व्याज | ११,४४१ |
| मुद्दलात मिळालेलं व्याज | ४३,८७० |
| बचत खात्याच्या तारखांचा फरक | ८५ |
| प्रमाणपत्रावरील व्याज | १,१५,३०१ |

टीडीएसची जुळवणी वेगळी करा

व्याज जुळलं म्हणजे टीडीएसही जुळला असं होत नाही. पासबुकातून तो दोन ठिकाणांहून गोळा करावा लागतो. नावे पडलेल्या पाच ओळी, म्हणजे १,१४४ आणि मुद्दलात मिळणाऱ्या व्याजावरचे ४,३८६, मिळून ५,५३०. शिवाय जमा होण्याआधीच कापलेले ५,४००, जे पासबुकात कुठेच दिसत नाहीत. एकूण १०,९३०. प्रमाणपत्र हेच सांगतं.

आता फॉर्म २६एएस उघडा आणि कलम १९४एखालच्या बँकेच्या नोंदी तिमाहीनिहाय बघा. बाईंच्या बाबतीत त्या अनुक्रमे १,०६८, २,८८७, २,९०६ आणि ४,०६९ असायला हव्यात. रिटर्नमध्ये श्रेय मिळतं ते २६एएसमध्ये दिसणाऱ्या कराचं. प्रमाणपत्रावर १०,९३० आणि २६एएसमध्ये ६,८६१ एवढेच असतील, तर शेवटची तिमाही आलेली नाही हे वजाबाकी करताच कळतं. मे महिन्यात असं दिसलं तर वाट पाहा. जूनच्या अखेरीसही तेच चित्र असेल तर बँकेने विवरण भरलेलं नाही किंवा त्यात तुमचा पॅन चुकला आहे. ही दुरुस्ती फक्त बँकच करू शकते. शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्यात ठेव क्रमांक, तिमाही, कापलेली रक्कम आणि पासबुकातली तारीख लिहा. सोबत पासबुकाच्या त्या पानाची प्रत जोडा. नुसतं टीडीएस दिसत नाही असं तोंडी सांगितल्यावर काउंटरवरचा माणूस फारसं काही करू शकत नाही. तिमाही आणि रक्कम लिहून दिली तर अर्ज योग्य टेबलापर्यंत पोचतो.

एआयएस सर्वांत शेवटी

एआयएसमध्ये व्याज दोन ठिकाणी येऊ शकतं: टीडीएसच्या नोंदींत `TDS-194A` म्हणून, आणि बँकेने स्वतंत्रपणे कळवलेल्या माहितीत `SFT-016` म्हणून. दोन्हींची बेरीज करून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. ते एकच व्याज दोन वाटांनी पोचलेलं असतं. त्याच पानावरचा टीआयएस हा गोषवारा दुहेरी नोंदी शक्यतो काढून एक आकडा देतो. तोही तुमच्या जुळवणीपेक्षा वेगळा असेल तर त्या ओळीवर प्रतिसाद नोंदवता येतो. नोंद दुहेरी असेल तर `Information is duplicate / included in other information` आणि रक्कम चुकली असेल तर `Information is not fully correct` हे पर्याय आहेत.

खरी चूक कशी ओळखायची

चार तुकडे काढूनही रक्कम उरत असेल तर आधी प्रमाणपत्रावरचे ठेव क्रमांक मोजा आणि पावत्यांशी ताडून पाहा. प्रमाणपत्र ग्राहक क्रमांकावर निघतं. बँकांचं विलीनीकरण झालेलं असेल, किंवा वर्षांपूर्वी दुसऱ्या शाखेत खातं उघडलेलं असेल, तर एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असू शकतात आणि एका क्रमांकाच्या ठेवी प्रमाणपत्रात येतच नाहीत. अशा वेळी प्रमाणपत्राचं व्याज पासबुकापेक्षा कमी निघतं. ही खूण लक्षात ठेवावी, कारण ठेवीची मुदत पूर्ण होण्याचं वर्ष सोडलं तर वरच्या चार तुकड्यांपैकी एकही प्रमाणपत्राला पासबुकापेक्षा खूप खाली नेत नाही. दोन्ही क्रमांकांची प्रमाणपत्रं मागून घ्या आणि क्रमांक एकत्र करण्याचा अर्जही त्याच दिवशी देऊन टाका.

दुसरी जागा म्हणजे मुदतीआधी मोडलेली ठेव. मोडताना बँक कमी दराने व्याज पुन्हा मोजते आणि आधी जास्त दिलेलं परत घेते. पासबुकात ही रक्कम नावे पडलेली असते किंवा मुद्दलातून कमी झालेली असते. प्रमाणपत्रात ती वजा झाली आहे ना, हे पाहा. नसेल तर ठेव बंद केल्याचा हिशोब शाखेतून मागून घ्या.

तिसरी जागा संयुक्त ठेवींची. दोन नावांच्या ठेवीचं व्याज आणि टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातं. पैसे खरोखर दुसऱ्याचे असतील तर आयकर नियम ३७बीएप्रमाणे पहिल्या नावाच्या व्यक्तीने बँकेला तसं घोषणापत्र द्यायचं असतं, म्हणजे बँक टीडीएस खऱ्या मालकाच्या पॅनवर दाखवते. वर्ष उलटून गेल्यावर हे निस्तरणं फार त्रासाचं होतं, म्हणून ठेव काढतानाच पहिलं नाव विचार करून घाला.

आकडा रिटर्नमध्ये कसा जातो

बाई दर वर्षी झालेलं व्याज त्याच वर्षी दाखवतात, म्हणून इतर स्रोतांपासूनच्या उत्पन्नात बचत खात्याचं व्याज ५,९९० आणि ठेवींचं व्याज १,०९,३११ वेगवेगळ्या ओळींत जाईल, आणि टीडीएसच्या तक्त्यात १०,९३०. हातात आलेल्या पैशावरच कर भरण्याची पद्धतही कायद्याला चालते, पण ती सातत्याने पाळावी लागते. त्या पद्धतीत दुसऱ्या ठेवीवर या वर्षी कापलेला टीडीएस आत्ता वापरता येत नाही. तो पुढे ओढून व्याज दाखवाल त्या वर्षापर्यंत न्यावा लागतो. मुदत संपल्यावर काही वर्षांचं व्याज एकाच वर्षी येऊन वरच्या टप्प्यात जाण्याचा धोका वेगळाच. पगारदार आणि निवृत्त लोकांना मी तरी दर वर्षीचं दर वर्षी दाखवायलाच सांगेन.

वजावट जुन्या कर प्रणालीतच मिळते. ज्येष्ठ नागरिकांना कलम ८०टीटीबीखाली बचत आणि ठेव मिळून ५०,००० रुपयांपर्यंत, इतरांना कलम ८०टीटीएखाली फक्त बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत. बाईंनी जुनी प्रणाली निवडली तर १,१५,३०१ उत्पन्नात दाखवून मग ५०,००० वजावट घ्यायची. ६५,३०१ हा निव्वळ आकडा थेट उत्पन्नात लिहिला तर तो एआयएसशी जुळणार नाही. फॉर्म १५एच दिला म्हणून टीडीएस कापला गेला नसेल तरी व्याज पूर्ण दाखवायचंच असतं. तो फॉर्म कपात थांबवतो, उत्पन्न पुसत नाही.

रिटर्न भरून झालं की जुळवणीचा तक्ता, प्रमाणपत्र आणि पासबुकाच्या त्या पानांच्या प्रती एकाच फायलीत ठेवा. फायलीच्या पहिल्या पानावर दोन ओळी ठळक लिहा: पहिल्या ठेवीचे ११,४४१ रुपये २ मे २०२६च्या जमेतून वजा करायचे, आणि दुसऱ्या ठेवीचं आजवर दाखवलेलं व्याज ५४,३७० रुपये.